केसांच्या गोळीतलं बायोटिन आणि थायरॉइडचा फसवा रिपोर्ट

«इंदूरला राहते, वय ३४. थायरॉइड कमी आहे म्हणून तीन वर्षांपासून थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम घेते. सहा महिन्यांपूर्वी टीएसएच ३.४ होता. केस फार गळायला लागले म्हणून चार महिन्यांपासून केस-नखांची गोळी घेते, तिच्यात बायोटिन १० मिलिग्रॅम आहे. आता टीएसएच ०.१९ आणि फ्री टी-४ २.१ आला. फेरिटिन ११, बी-१२ ९४०, व्हिटॅमिन डी ७१, कोलेस्टेरॉल १८६ वरून २४१. डॉक्टर म्हणाले थायरॉइडची गोळी जास्त होतेय, ५० करा. पण मला उलट थकवा आहे, वजन तीन किलो वाढलंय, पोट साफ होत नाही. रक्त घेणारी मुलगी म्हणाली, केसांची गोळी बंद करा आणि परत तपासा. कुणाचं ऐकू?»

आधी आज काय करायचं ते सांगतो, कारण नंतर सांगतो. केसांची गोळी आजपासून बंद ठेवा. थायरॉक्सिन ७५ वरच चालू राहू द्या, पण आजच डॉक्टरांना फोन करून सांगा की मी रोज १० मिलिग्रॅम बायोटिन घेत होते, म्हणून डोस बदलायच्या आधी तीन दिवस थांबून परत तपासणी करायची आहे. ही गोष्ट त्यांना बहुतेक माहीतच नाही. केसांच्या गोळीला आपण औषध मानत नाही, त्यामुळे 'कुठली औषधं चालू आहेत' असं विचारलं की ती कोणी सांगत नाही. हातात आलेल्या आकड्यांवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष बरोबरच होता. आकडे मात्र विश्वासाचे नाहीत. छातीत धडधड, हात कापणं किंवा नाडी अनियमित असणं असं काही असेल, तर तीन दिवस थांबू नका, सरळ जाऊन दाखवा. तसं काही नसेल, तर तीन-चार दिवस जुना डोस चालू राहिल्यानं काही बिघडत नाही. उलट रिपोर्ट फसवा असेल आणि तुम्ही डोस ५० केलात, तर पुढचे दोन-तीन महिने त्याची भरपाई करण्यात जातील.

त्या मुलीला रिपोर्टमध्ये काय खटकलं असेल, ते समजायला टीएसएच कसा मोजतात हे थोडं पाहावं लागेल.

टीएसएच म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक, थायरॉइड कमी पडलं की तो चढतो, जास्त झालं की उतरतो. रक्तात तो अत्यंत थोडा असतो. तो शोधायला किटमध्ये दोन अँटिबॉडी असतात. दोन्ही टीएसएचला दोन बाजूंनी पकडतात. एकीला प्रकाश देणारं लेबल लावलेलं असतं, दुसरीला बायोटिन, तुमच्या गोळीत असलेलं तेच जीवनसत्त्व. त्यात चुंबकीय सूक्ष्म कण टाकतात आणि त्या कणांवर स्ट्रेप्टाविडिन नावाच्या प्रथिनाचा लेप असतो. स्ट्रेप्टाविडिन बायोटिनला इतकं घट्ट धरतं की रसायनशास्त्राला माहीत असलेल्या सर्वांत पक्क्या जोड्यांमध्ये ही जोडी गणली जाते. म्हणूनच किट बनवणाऱ्यांनी ती निवडली. कणांना भिंतीवरच्या खुंट्या समजा आणि बायोटिनला पिशवीची कडी. टीएसएच दोन अँटिबॉडींच्या मध्ये अडकला की ती पिशवी कडीनं खुंटीवर लटकते. मग यंत्र चुंबकानं कण धरून ठेवतं, बाकीचं सगळं धुऊन टाकतं आणि खुंट्यांवर किती प्रकाश उरला ते मोजतं. प्रकाश जितका जास्त, तितका टीएसएच जास्त.

आता तुमच्या रक्तात गोळीचं बायोटिन मोकळं फिरतंय असं धरा. म्हणजे पिशवी नसलेल्या नुसत्या कड्या, त्याही अगणित. त्या आधीच खुंट्यांवर जाऊन बसतात. खऱ्या पिशव्यांना जागा उरत नाही, धुण्यात त्या वाहून जातात. प्रकाश कमी पडतो आणि यंत्र म्हणतं, टीएसएच कमी आहे. टीएसएच नळीत होता, खुंटीवर मात्र पोचला नाही.

फ्री टी-४ म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं थायरॉइडचं संप्रेरक. ते मोजायची तऱ्हा उलटी आहे. टी-४ चा रेणू लहान, त्याला दोन बाजूंनी पकडता येत नाही. म्हणून तिथे स्पर्धा लावतात: तुमचा टी-४ आणि किटमधला बायोटिनची कडी लावलेला टी-४, दोघांनाही त्याच लेबलवाल्या अँटिबॉडीवर जागा हवी असते. तुमचा टी-४ जास्त असेल तर कडीवाल्याला जागा कमी मिळते, खुंट्यांवर कमी जातं, प्रकाश कमी पडतो. म्हणजे इथे कमी प्रकाशाचा अर्थ जास्त टी-४. मोकळं बायोटिन इथेही तेच करतं, खुंट्या अडवतं, प्रकाश कमी करतं. पण यंत्र त्याच कमी प्रकाशाचा अर्थ या वेळी 'टी-४ वाढला' असा लावतं.

एकच बिघाड, पण एका तपासणीत आकडा खाली जातो आणि दुसरीत वर. टीएसएच खाली आणि टी-४ वर ही तर थायरॉइड जास्त असल्याची पाठ्यपुस्तकी खूण. दोन आकडे एकमेकांना दुजोरा देताना दिसतात, म्हणून वाचणाऱ्याला शंका येत नाही. प्रयोगशाळेलाही येत नाही, कारण यंत्र ठीक असतं, आकडा आधीच माहीत असलेले त्या सकाळचे कंट्रोल नमुनेही पास झालेले असतात. कंट्रोलमध्ये बायोटिन नसतंच. दोष त्या एका नळीत असतो, आणि तीच नळी त्याच यंत्रावर पुन्हा लावली तर तोच फसवा आकडा पुन्हा येतो. 'आम्ही रिपीट करून पाहिलं, तेच आलं' हे उत्तर प्रामाणिक असतं, पण त्यानं काहीच सिद्ध होत नाही.

आता तुमचा रिपोर्ट याच नजरेनं वाचू. टीएसएच दोन अँटिबॉडींच्या पद्धतीनं मोजतात, तो कमी आला. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही त्याच पद्धतीचं, तेही कमी आलं. फ्री टी-४, बी-१२ आणि व्हिटॅमिन डी तिन्ही स्पर्धेच्या पद्धतीनं, आणि तिन्ही वर आले. पाच तपासण्या, पाचही नेमक्या त्याच दिशेला सरकलेल्या जिकडे बायोटिन सरकवतं. हा योगायोग असू शकतो, पण त्यावर डोस बदलायची माझी तयारी नाही.

उरलेली तपासणी कोलेस्टेरॉल, आणि माझ्या दृष्टीनं तुमच्या कागदावरचा हा सर्वांत बोलका आकडा आहे. कोलेस्टेरॉल एन्झाइमच्या अभिक्रियेनं मोजतात, त्यात ना खुंट्या ना कड्या, त्यामुळे बायोटिनचा त्याला धक्का लागत नाही. थायरॉइड खरोखर जास्त झालं की कोलेस्टेरॉल सहसा उतरतं. थायरॉइड कमी पडलं की चढतं. तुमचं १८६ वरून २४१ वर गेलं आहे. वजन वाढलं, थकवा आला, बद्धकोष्ठता झाली. हे सगळं एका बाजूला बोट दाखवतं आणि टीएसएच दुसऱ्या बाजूला. कोलेस्टेरॉल वाढायची दुसरी कारणंही असतात, नुसत्या त्याच्यावरून निदान करता येत नाही. पण रोग्याचं शरीर आणि कागद असे विरुद्ध बोलायला लागले की कागदाची चौकशी आधी करायची.

फेरिटिन ११ मात्र फसवंच असेल असं धरून बसू नका. या वयाच्या बायकांमध्ये लोह खरंच कमी असणं फार नेहमीचं आहे, आणि केस गळायचं ते एक खरं कारणही आहे. बायोटिनमुळे तो आकडा आहे त्याहून कमी दिसत असेल एवढंच. याच्या उलट, बी-१२ आणि डी उत्तम आहेत हे पाहून मिळालेला दिलासा खोटा असू शकतो. घर शाकाहारी असेल, तर बी-१२ ९४०, आणि तेही वेगळी गोळी किंवा इंजेक्शन न घेता, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. केस गळतात म्हणून डॉक्टर जे पॅनेल लिहून देतात, टीएसएच, फेरिटिन, बी-१२, डी, त्यातल्या जवळपास प्रत्येक तपासणीला त्याच तक्रारीसाठी घेतलेली गोळी बिघडवू शकते. गळण्याचं कारण शोधायला निघालेल्या माणसाचीच वाट ती अशी अडवते.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे देतो. मोठ्या माणसाला रोज साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, आणि ते रोजच्या जेवणातून मिळतं. तुमच्या गोळीत १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम आहे, गरजेच्या तीनशे पटींहून जास्त. गोळी न घेणाऱ्याच्या रक्तात दर मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमहूनही कमी बायोटिन असतं. १० मिलिग्रॅमच्या गोळीनंतर एक-दोन तासांत ते शंभरच्या आसपास जाऊ शकतं. आता किटची बाजू. रॉशच्या कोबास यंत्रांवर चालणाऱ्या जुन्या टीएसएच किटची सहनशक्ती २५ नॅनोग्रॅमपर्यंत होती. पुढे कंपनीनं किट सुधारलं आणि ही मर्यादा १,२०० वर नेली, त्यामुळे नव्या किटवर तुमच्या गोळीनं काही बिघडायचं कारण नाही. ॲबट कंपनीच्या आर्किटेक्ट यंत्रावर टीएसएच आणि फ्री टी-४ मोजताना ही बायोटिन-स्ट्रेप्टाविडिनची जोडी वापरतच नाहीत. म्हणजे एकाच दिवशी पलासियाच्या एका लॅबमध्ये आणि राजवाड्याजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं, तर एकीकडे रिपोर्ट खरा आणि एकीकडे फसवा येऊ शकतो, आणि दोन्ही ठिकाणी काम अगदी नीट केलेलं असतं. २०१७ साली छापलेल्या एका अभ्यासात ६ निरोगी माणसांना आठवडाभर रोज १० मिलिग्रॅम बायोटिन देऊन वेगवेगळ्या यंत्रांवर रक्त तपासलं होतं. त्यात ही जोडी वापरणाऱ्या काही तपासण्याच बिघडल्या, बाकीच्यांना धक्का लागला नाही.

वेळेचा भागही तितकाच मोठा आहे. बायोटिन पाण्यात विरघळणारं, मूत्रपिंडावाटे निघून जाणारं आहे. शिखर एक-दोन तासांत, पहिल्या काही तासांत वेगानं उतार, मग उरलेलं हळूहळू बाहेर. गोळी रात्री जेवणानंतर घेतली आणि सकाळी साडेसहाला घरी येऊन रक्त नेलं, तर मधल्या आठ-नऊ तासांत बरंच उतरलेलं असतं. सकाळी नाश्त्याबरोबर गोळी घेऊन साडेनऊला लॅबमध्ये रक्त दिलं, तर नेमकं शिखर गाठलेलं असतं. तुम्ही त्या दिवशी गोळी किती वाजता घेतली होती आणि रक्त किती वाजता दिलं, हे आठवून लिहून ठेवा. रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ छापलेली असते. मधलं अंतर एक ते तीन तासांचं निघालं तर माझी शंका आणखी पक्की होईल.

किती थांबायचं? अमेरिकन थायरॉइड असोसिएशन निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगते. १० मिलिग्रॅमच्या गोळीला, मूत्रपिंड चांगलं असेल तर, तेवढं पुरतं. मी तीन पूर्ण दिवस सांगतो, कारण पुनःतपासणीनंतर पुन्हा शंकेला जागा राहू नये. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा हिशोब लागू पडत नाही, तिथे बायोटिन साचून राहतं आणि किती थांबायचं ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं लागतं. ज्यांना बायोटिनिडेजसारख्या जन्मजात कमतरतेसाठी बायोटिन औषध म्हणून दिलेलं आहे, त्यांनी ते रक्ततपासणीसाठी स्वतःहून कधीही बंद करू नये. ही जोडी न वापरणारी पद्धत शोधावी.

तुमचा क्रम असा ठेवा. सोमवारी सकाळी गोळी शेवटची घेतली असेल, तर मंगळवार, बुधवार, गुरुवार अजिबात नाही, शुक्रवारी सकाळी रक्त. या दिवसांत घरातल्या सगळ्या बाटल्यांची लेबलं वाचा. बायोटिन हे नाव नसेल तर डी-बायोटिन, व्हिटॅमिन बी-७ किंवा व्हिटॅमिन एच लिहिलेलं असतं, ते सगळं एकच. केसांच्या गमी, प्रोटीन पावडर, 'हेअर-स्किन-नेल' नावाची पाकिटं, दवा बाजारातून आणलेले मोठे डबे, सगळं तपासा. आकड्यापुढे मिलिग्रॅम आहे की मायक्रोग्रॅम, हे नीट पाहा. साध्या बी-कॉम्प्लेक्समधलं बायोटिन सहसा काही मायक्रोग्रॅम ते शंभर-दीडशे मायक्रोग्रॅम असतं, त्यानं हा गोंधळ होत नाही. बायोटिनचा शाम्पू किंवा तेल यांचीही काळजी नको.

शुक्रवारी थायरॉक्सिनची गोळी रक्त दिल्यावर घ्या. ती आधी घेतली तर फ्री टी-४ काही तास थोडा चढलेला दिसतो, आणि एक गोंधळ मिटवताना दुसरा नको. टीएसएचसाठी उपास लागत नाही, पण थायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यायचं असतं, म्हणून रक्त देऊन, गोळी घेऊन, अर्ध्या-एक तासानं पोहे खा. तपासणी त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना होईल. फॉर्मवर औषधांच्या रकान्यात लिहा: बायोटिन १० मिलिग्रॅम रोज, शेवटची गोळी अमुक दिवशी, अमुक वाजता. टीएसएच, फ्री टी-४, फेरिटिन, बी-१२ आणि डी, पाचही परत करा. खर्चाचा प्रश्न असेल तर पहिले दोन आत्ता, बाकीचे महिन्यानं चालतील.

मग काय निघू शकतं? टीएसएच ७-८ च्या घरात आणि फ्री टी-४ खालच्या टोकाला आला, तर थायरॉक्सिन तुम्हाला कमी पडत होतं आणि रिपोर्ट बरोबर उलटं सांगत होता. अशा वेळी डोस ५० केला असता तर थकवा वाढला असता, केस आणखी गळले असते, आणि केस गळतात म्हणून बायोटिन आणखी नेमानं घेतलं गेलं असतं. पुढचा रिपोर्ट पुन्हा 'थायरॉइड जास्त' असाच आला असता. टीएसएच ३-४ च्या आसपास आला तर ७५ योग्य आहे, थकव्याचं कारण लोहात शोधायचं. आणि तीन दिवस बंद ठेवूनही टीएसएच ०.२ च राहिला, तर मात्र डोस खरंच जास्त आहे. मग डॉक्टरांचं पहिलं म्हणणं खरं धरा, बायोटिनला दोष देऊ नका.

पहिली शक्यता खरी ठरली तर एक प्रश्न उरतो: तीन वर्षं ७५ वर नीट चाललेलं थायरॉक्सिन अचानक कमी का पडावं? उत्तर पुष्कळदा त्याच केसांच्या गोळीत असतं. या गोळ्यांमध्ये बायोटिनच्या जोडीला बहुधा लोह, कॅल्शियम, झिंक घातलेलं असतं. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसं जातच नाही. पुष्कळ जणी सकाळी उठून दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घेतात, विसरू नये म्हणून. मग लोह-कॅल्शियममुळे थायरॉइड खरोखर कमी पडतं आणि बायोटिनमुळे कागदावर जास्त दिसतं. तुमच्या बाटलीवर ही नावं आहेत का पाहा. असतील आणि तुम्ही थायरॉक्सिनबरोबर किंवा तासा-दोन तासांत घेत असाल, तर डोस वाढवण्याआधी अंतर दुरुस्त करावं लागेल. लोह किंवा कॅल्शियम असलेलं काहीही थायरॉक्सिननंतर निदान चार तासांनी, म्हणजे सकाळी सहाला थायरॉक्सिन घेतलंत तर दहानंतर. सोयीचं म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर. वेळ किंवा डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे लागतात, त्याआधी केलेली तपासणी अर्धवट बदल दाखवते. बायोटिन तीन दिवसांत उतरतं, टीएसएचला सहा आठवडे लागतात. या दोन वेळांची गल्लत करू नका.

रक्त घेणाऱ्या मुलीनं जे केलं, ते प्रत्येक केंद्रावर व्हायला हवं, म्हणून लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठीही थोडं लिहितो. रोग्याला 'औषध घेता का' असं विचारून भागत नाही, 'केस किंवा नखांसाठी काही घेता का' असं विचारा, मग उत्तर मिळतं. किटच्या माहितीपत्रकात बाधेचा परिच्छेद असतो, त्यात बायोटिनची मर्यादा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये दिलेली असते. आपल्याकडच्या प्रत्येक किटचा तो आकडा एका कागदावर लिहून यंत्राजवळ लावा, आणि लॉट किंवा किटची आवृत्ती बदलली की तो परत पाहा.

नमुना हातात आहे आणि रोगी परत येऊ शकत नाही, तर पातळ करून पाहता येतं. तुमचंच उदाहरण घेऊ. टीएसएच ०.१९ च्या नमुन्याला किटच्या डायल्युअंटनं पाचपट पातळ केलं, तर सरळ हिशोबानं ०.०३८ यायला हवा, पाचानं गुणला की पुन्हा ०.१९. पण नमुन्यात १०० नॅनोग्रॅम बायोटिन असेल, तर तेही पाचपट पातळ होऊन २० होतं आणि २५ च्या मर्यादेखाली जातं. खुंट्या मोकळ्या होतात. समजा खरा टीएसएच ७ होता, तर यंत्र आता १.४ दाखवेल, पाचानं गुणून ७. पातळ केल्यावर आकडा घटण्याऐवजी वाढला, यातच उत्तर आलं. फ्री टी-४ ला हे करू नका. मोकळा आणि प्रथिनांना बांधलेला टी-४ यांच्यातला समतोल पातळ करताना ढळतो, आणि त्या आकड्याला अर्थ राहत नाही. अधिक पक्की रीत म्हणजे सीरममध्ये आधी स्ट्रेप्टाविडिन लावलेले जास्तीचे कण मिसळून, त्यांना मोकळं बायोटिन शोषू देऊन, चुंबकानं कण बाजूला काढायचे आणि मग तपासणी लावायची. बायोटिन न घेणाऱ्या माणसाचा एक नमुना सोबत त्याच क्रियेतून न्यावा लागतो, नाहीतर फरक बायोटिनचा की हाताळणीचा ते कळत नाही. छोट्या लॅबला हे जमणार नाही. तिनं वेगळ्या तत्त्वाच्या यंत्रावर नमुना पाठवावा, तेही पुरेसं आहे. काहीच शक्य नसेल तर रिपोर्टवर एक ओळ लिहावी की रोगी बायोटिन घेतो, ते बंद करून पुनःतपासणी करावी.

थायरॉइडचे विकार तपासताना आणखी एक सापळा आहे. टीएसएच कमी, टी-४ जास्त दिसलं की पुढची तपासणी टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीची होते, थायरॉइडला अति काम करायला लावणारा ग्रेव्हज आजार आहे का पाहायला. तीही त्याच जोडीच्या किटवर केली तर बायोटिनमुळे खोटी पॉझिटिव्ह येते. मग तीन तपासण्या मिळून एक पूर्ण आजार उभा करतात, जो रोग्याला नाहीच. २०१६ साली चयापचयाच्या आजारासाठी मोठ्या मात्रेत बायोटिन घेणाऱ्या सहा मुलांची अशीच हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. म्हणून थायरॉइड दाबणारं कार्बिमाझोल सुरू करायच्या आधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, विशेषतः रोग्याची नाडी शांत आणि हात स्थिर असतील तर.

शेवटी एक गोष्ट, जी थायरॉइडची नसली तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिन तपासतात, तोही दोन अँटिबॉडींच्या पद्धतीचा आहे, म्हणजे बायोटिननं तो खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. त्यात जास्त मात्रेत बायोटिन घेणाऱ्या एका रोग्याचा, ट्रोपोनिन खोटा कमी आल्यानंतर, मृत्यू झाल्याची नोंद होती. २०१९ मध्ये तो इशारा पुन्हा काढला. तिथे बायोटिन बंद करून तीन दिवस थांबायचा प्रश्नच येत नाही. छातीत दुखत असेल तर ताबडतोब एमवाय रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जायचं, आणि तिथे पोचताच ईसीजी लावणाऱ्याला सांगायचं की मी बायोटिन घेते, शेवटची गोळी अमुक वाजता घेतली. डॉक्टर मग एकट्या ट्रोपोनिनवर विसंबत नाहीत. हे वाक्य घरातल्यांनाही शिकवून ठेवा, कारण त्या वेळी बोलायच्या अवस्थेत तुम्ही असालच असं नाही. घरात साठीच्या पुढचं कोणी नखं तुटतात म्हणून तुमच्याच डब्यातल्या गोळ्या घेत असेल, तर त्यांच्या औषधांच्या यादीत बायोटिनचं नाव आणि मात्रा आजच लिहून टाका.

केसांची गोळी पुढे परत सुरू करायची का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. बायोटिननं केस सुधारतात ते शरीरात बायोटिनची कमतरता असेल तर, आणि ती सहसा नसते. तुमचं थायरॉइड आणि फेरिटिन शुक्रवारी खरं काय निघतं ते पाहा, आणि ते दोन्ही जागेवर येईपर्यंत ही बाटली कपाटातच राहू द्या.